ट्रॅक्टर, हळकुंड आणि उंबरा

ट्रॅक्टरचं चित्र हातात धरून तो पोरगा बराच वेळ उभा होता. समोर फरशीवर खडूनं काढलेली दोन रिंगणं, एक हिरवं आणि एक पांढरं. हिरव्यात सजीव ठेवायचे, पांढऱ्यात निर्जीव. गाय हिरव्यात गेली होती, दगड पांढऱ्यात. ह्यानं ट्रॅक्टर एकदा पांढऱ्याकडे नेला, परत आणला आणि शेवटी गायीच्या शेजारी अलगद ठेवला.

"का रे?"

"जित्ता हाय बाई त्यो. त्याल पितोय. सकाळी सुरू हुईत न्हाय, मग आप्पा शिव्या देत्यात. मग हुतोय."

मागून कुणीतरी हसलं. मी हसले नाही, आणि ही माझी बावीस वर्षांची कमाई म्हणा. पहिलीच्या वर्गात बाईंचा चेहरा हेच खरं पाठ्यपुस्तक असतं. भुवई जरा वर गेली की चित्र मुकाट्यानं दुसऱ्या रिंगणात जातं. पोराला काय कळलं ते मात्र कायमचं गुलदस्त्यात राहतं.

आमची शाळा कृष्णाकाठची, मिरज तालुक्यातली. जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची. परिसर अभ्यास विषय म्हणून तिसरीत येतो, पण सजीव-निर्जीवाची ओळख आपण पहिलीपासूनच करून देतो, आणि ती बहुतेक ठिकाणी चित्रं वेगळी करायला लावूनच होते. वरवर पाहता इतका सोपा पाठ दुसरा नाही. वीस मिनिटांत उरकतो, फोटो छान येतो, पोरं टाळ्या वाजवतात. मीही कित्येक वर्षं तो तसाच उरकला.

तेव्हा माझ्याकडे बाजारातला तयार तक्ता होता. डावीकडे सजीव, उजवीकडे निर्जीव. पोरं पटापट बरोबर सांगायची. एका वर्षी तक्त्याची दोरी तुटली आणि घाईत मी तो उलटा टांगला, चित्रं खाली डोकं वर पाय. त्या दिवशी पोरांनी घड्याळाला सजीव आणि पोपटाला निर्जीव केलं. पोपट कुठल्या बाजूला असतो एवढंच ती शिकली होती. म्हणून तक्ता ठेवून दिला आणि सुटी चित्रं केली.

चित्रं करण्यातही मी मार खाल्ला. पहिल्या संचातले प्राणी जुन्या कॅलेंडरांतून कापलेले, म्हणजे रंगीत फोटो. आणि खुर्ची, बादली, कुलूप मी स्वतः पेननं काढलेली. एका मुलीनं चोवीसच्या चोवीस चित्रं अचूक लावली. मी खूश. मग विचारलं, कसं ओळखलंस? म्हणाली, "ही चकाकत्यात, ही चकाकत न्हाईत." बरोबर उत्तराचा काही भरवसा नसतो हे मला त्या दिवशी कळलं. आता संच एकसारखा असतो: सगळे फोटो, सगळे लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, सगळे एकाच आकाराचे. नाक-डोळे-हसू असलेला सूर्य नाही, डोळे असलेली मोटार नाही. देवाचं चित्रही मी ठेवत नाही. भाद्रपदात घरी प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती पाहणाऱ्या पोराला पांढऱ्या रिंगणाशी उभं करायचा मला अधिकार नाही, आणि त्या पाठाला त्याची गरजही नाही.

अंडंही काढून टाकलं. पोल्ट्रीतलं अंडं कितीही उबवलं तरी त्यातून पिल्लू निघत नाही, कारण तिथे कोंबडाच नसतो. आणि घरच्या गावठी कोंबडीखालचं अंडं एकवीस दिवसांनी चिवचिवतं. फोटो दोघांचा एकच. पहिलीला असलं चित्र देणं म्हणजे बाईंनीच पोरांना फसवणं.

आता मूळ दुखण्यावर येते. पोरं चुकतात ती ठरावीक ठिकाणीच. ट्रॅक्टर, ढग, नदी, सूर्य ही हिरव्यात जातात आणि झाड पांढऱ्यात. दर वर्षी. झाड निर्जीव का, तर "हलत न्हाय". वाऱ्यानं हलतं की, असं दुसरं कुणी म्हणतं. त्यावर पहिला म्हणतो, "वारा हलिवतोय, त्ये न्हाय हलत." हे सहा वर्षांचं पोर आहे, आणि आपण हलणं आणि कुणी हलवणं यातला फरक त्यानं आपला आपण काढलाय. जिनिव्हात पियाजे या मानसशास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी लहान मुलांना सूर्य, ढग, सायकल यांच्याबद्दल हेच विचारलं होतं. आधी मुलांना काहीही काम करणारी वस्तू जिवंत वाटते, मग हलणारी, मग आपणहून हलणारी, आणि बऱ्याच उशिरा फक्त प्राणी आणि वनस्पती, असा क्रम त्यानं मांडला. नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं पडलं की दूरच्या सूर्या-ढगांबद्दल विचारलं म्हणून मुलं जास्त चुकली. रोजच्या ओळखीच्या गोष्टींबद्दल विचारलं तर लहान मुलांनाही बरंच कळतं. माझा अनुभव दोघांच्या मधला आहे. पण एक गोष्ट पक्की, 'हलतं ते जिवंत' ही पोरांची पहिली कसोटी असते.

आणि आपण काय करतो? फळ्यावर पहिलं वाक्य लिहितो, 'सजीव हालचाल करतात.' पोराच्या डोक्यात जी कसोटी आधीच घट्ट बसलीय, जिच्यामुळे ट्रॅक्टर जिवंत आणि वड मेलेला ठरतो, तिलाच आपण खडूनं अधोरेखित करतो. वाक्य खोटं नाही. पहिलीत पहिलं वाक्य म्हणून ते नडतं, एवढंच. ते फळ्यावर लिहायचं मी थांबवलं, तेव्हा माझी नोकरी निम्मी झाली होती.

भाषाही पोरांच्या बाजूनं नसते. आपल्या मराठीत घड्याळ चालतं, गाडी पळते, पाऊस येतो, मोबाईल मरतो, विहिरीला जिवंत झरा लागतो. एकदा सूर्य हिरव्या रिंगणात ठेवणाऱ्या मुलीला कारण विचारलं. म्हणाली, "सूर्य उगवतो." मग हरभऱ्याच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यो बी उगवतो." काय उत्तर देणार? एकच क्रियापद आपण दोघांना वापरतो. मी तिला एवढंच विचारलं की उगवल्यावर हरभऱ्याचं काय होतं आणि सूर्याचं काय होतं. ती दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली: हरभरा मोठा होतो, सूर्य वर जातो. त्यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

शब्दांचा आणखी एक घोळ. 'सजीव' हा शब्द पोरांनी शाळेबाहेर कधी ऐकलेलाच नसतो. त्याचा अर्थ म्हणून आपण पटकन 'जिवंत' सांगतो, आणि मग मेलेला उंदीर निर्जीव ठरतो, दगडासारखाच. वाळलेलं पान, लाकडी बाक, बाजरीची भाकरी यांचं काय करायचं? मोठ्यांच्या पुस्तकात यांना निराळा कप्पा असतो, एके काळी जीव असलेल्यांचा. पहिलीत तिसरं रिंगण काढलं तर पोरं गोंधळतात; काढलं नाही तर खोटं बोलावं लागतं. मी मधला मार्ग काढलाय. दोन्ही रिंगणांच्या मध्ये एक जाड रेघ मारते आणि तिला उंबरा म्हणते. जे आत की बाहेर ठरत नाही, ते उंबऱ्यावर ठेवायचं. उंबऱ्यावर ठेवलेलं चुकलेलं धरायचं नाही. 'म्हायती न्हाय' म्हणायला जागा मिळाली की पोरं अंदाजपंचे ठेवणं सोडून देतात, आणि बाईंना कळतं की पुढचे आठ दिवस कशावर बोलायचं.

'हलतं का'च्या जागी मी तीन प्रश्न आणते, तेही एकदम नाही. 'वाढतं का?' 'खाऊन-पिऊन वाढतं का?' आणि 'त्याच्यासारखं दुसरं त्याच्यापासून होतं का?' सुरुवात झाडापासून करते, आणि त्यासाठी घरातल्या आजीला साक्षीला बोलावते. "संध्याकाळी झाडाला हात का लावायचा नाही?" सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "झोपलंय!" म्हणजे झाडाला जीव आहे हे पोरांना घरी माहीत असतं, चित्र हातात आलं की तेवढं विसरतं. मग शाळेच्या दारातली शेवग्याची फांदी दाखवते. गेल्या पावसाळ्यात मनगटाएवढी जाड फांदी रोवली होती, आता ती कौलांच्या वर गेलीय. दारातला दगड मात्र तेवढाच आहे. हे बघायला पोरांना बाहेर न्यावं लागतं. चित्रात झाड एकाच दिवसाचं असतं आणि त्या दिवशी ते काहीच करत नसतं. कार्डाची खरी अडचण हीच आहे: वाढणं ही वेळ लागणारी गोष्ट आहे आणि फोटो म्हणजे वेळ गोठवलेला.

म्हणून वेळ वर्गात आणायची. सोमवारी दुपारी तीन वाट्या घेतल्या. एकीत मूठभर मूग, दुसरीत तेवढेच मूग पण पोषण आहाराच्या मावशींनी उकडून दिलेले, तिसरीत मुगाएवढे खडे, मैदानातून पोरांनीच वेचलेले. रात्रभर भिजवले, मंगळवारी ओल्या फडक्यांत बांधले. बुधवारी सकाळी सोडले. कच्च्या मुगांना पांढरे शुभ्र मोड, खडे जसेच्या तसे. उकडलेले बुळबुळीत झाले होते आणि वास मारत होते. "मूग मेला," एक जण नाक धरून म्हणाला. कधी मेला? "मावशीनं उकाडला तवा." म्हणजे मूग पाकिटात होता तेव्हा जिवंत होता? आता सगळे गप्प. किराणा दुकानातल्या बरणीत, महिनोन्‌महिने न हलता, न खाता पडलेला मूग. मुगाचं चित्र पांढऱ्या रिंगणात होतं, ते उचलायला तीन हात एकदम पुढे आले.

इथपर्यंत सगळं माझ्या टाचणवहीप्रमाणे चाललं होतं. गाडी घसरली ती हळकुंडावर.

आमच्याकडे हळद म्हणजे घरचं माणूस. सांगलीची हळद मसाल्याच्या पाकिटावर वाचणारे खूप, पण इथे ती अंगणात असते, पडवीत असते, पोरांच्या नखांत असते. संचात मी हळकुंडाचं चित्र मुद्दाम घातलं होतं. एका हळदवाल्याच्या नातीनं ते न बघताच हिरव्यात टाकलं. शेजारची म्हणाली, "येडी हाईस का, डब्यातलं हळकुंड हाय त्ये." वाद पेटला. दुसऱ्या दिवशी नात दप्तरातून दोन्ही घेऊन आली: एका कागदात लागणीतून उरलेलं बेणं, मातकट, सुरकुतलेलं, एका टोकाला गुलाबीसर डोळा फुगलेला, आणि दुसऱ्यात पॉलिश केलेलं हळकुंड, टणक, फरशीवर टाकलं तर टणत्कार करणारं.

ह्या दोघांचं गोत्र एकच. वैशाखात आणि त्यापुढे लावलेलं बेणं आठ-नऊ महिने जमिनीत वाढतं, काढणीला मधला जेठा गड्डा आणि त्याला फुटलेली बोटं, म्हणजे हळकुंडं, वेगळी करतात. काही बेण्याला राखतात, बाकीची कायलीत शिजवतात. शिजवल्यानं रंग आतपर्यंत एकसारखा होतो, कच्चा वास जातो, वाळायला कमी दिवस लागतात, आणि डोळा मरतो. त्यानंतर उन्हात वाळवायची, ड्रममध्ये घालून घासायची. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद टिकायची ती ही शिजवून वाळवलेली. बेणं पेवात टिकलं नसतं, त्याला कोंब आले असते किंवा ते कुजलं असतं.

हे सगळं पहिलीला सांगायचं नव्हतं. दोन डबे घेतले, माती भरली, एकात बेणं पुरलं, दुसऱ्यात हळकुंड अर्धं वर ठेवून रोवलं. तिसऱ्यात खडा, कारण खड्याशिवाय आता पोरं प्रयोग करूच देत नव्हती. खिडकीत ठेवले. पाणी घालायची पाळी लावली. मी आधीच सांगितलं होतं की हळद मुगासारखी घाई करत नाही, दोन-तीन आठवडे लागतील.

आठव्या दिवशी सकाळी वर्गात शिरायच्या आधीच ओरडा ऐकू आला. "बाई, हळकुंडाला केस आलं!"

खरंच आले होते. पांढरी, लुसलुशीत बुरशी, हळकुंडाच्या वरच्या टोकावर कापसासारखी. बेण्याचा डबा मात्र काळाभोर, शांत. पोरांनी माझेच प्रश्न माझ्यावर उलटवले. वाढलं का? वाढलं. पाणी पिऊन वाढलं का? हो. मग? हळकुंडाचं चित्र कुणीतरी हिरव्या रिंगणात ठेवलंसुद्धा आणि बेण्याचं पांढऱ्यात. प्रयोगानं नेमकं उलटं सिद्ध केलं होतं, आणि तेही पोरांच्या बाजूनं अगदी प्रामाणिकपणे.

असल्या वेळी 'नाही नाही, ती बुरशी आहे' असं म्हणून मोकळं होता येतं. मीही जिभेवर आलेलं गिळलं. त्याऐवजी आदल्या दिवशीच्या डब्यातला भाकरीचा तुकडा ओलसर फडक्यात घालून झाकून ठेवला. चार दिवसांनी त्यालाही तसलेच केस, काही हिरवट. आता भाकरी जिवंत आहे असं म्हणायला कुणी तयार होईना. चुलीवर भाजलेली आहे, आईनं थापलेली आहे. मग केस कुणाचे? बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी हळदवाल्याची नात म्हणाली, "कायतरी तिच्यावर जेवाय बसलंय."

ह्या वाक्यावर मी त्या दिवशीचा तास संपवला. हळकुंडावर, भाकरीवर, उकडलेल्या मुगावर दुसरं कुणीतरी जेवायला बसलं होतं. केस त्या जेवणाऱ्याचे. ते वाढतंय, खातंय, म्हणून ते हिरव्यात. हळकुंड त्याचं ताट. बुरशीचं चित्र आमच्या संचात नव्हतं. एका पोरानं पाटीवर काढून दिलं, ढगासारखं दिसत होतं.

बेण्याला तेविसाव्या दिवशी कोंब आला. टोकदार, गुंडाळलेला. पोरांना फार आश्चर्य वाटलं नाही, घरच्या शेतात हजारो बघितलेले. मीच येता-जाता वाकून बघत होते.

या तीन प्रश्नांनी सगळं सुटतं असं मात्र नाही. एकदा चुलीच्या जाळावर मी अडकले. जाळ लाकूड खातो, वाढतो, ठिणगी उडून गंजीवर पडली की दुसरा जाळ होतो. तिन्ही प्रश्नांत पास. त्या दिवशी जाळ उंबऱ्यावर ठेवला. नंतर विचार करून एक गोष्ट सापडली ती सांगितली: तू भाकरी खाल्लीस की तिची तू होतेस, हाडं, केस, नखं, जाळ लाकूड खातो आणि मागे राख ठेवतो, स्वतःसाठी काही बांधत नाही. पेशी वगैरे पुढच्या इयत्तांतल्या बाई सांगतील. पहिलीला इतकं पुरलं, पण सगळ्यांना नाही, आणि जाळ तिथेच राहिला.

नदीही राहिली. कृष्णा आमच्या पोरांसाठी माई आहे. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, इथे धोक्याची पातळी ४५ ची. तेव्हा ही पोरं अगदी तान्ही होती किंवा जन्मायची होती, पण माळ्यावर चढवलेली शेळी, बोटीतून नेलेली आजी हे सगळं त्यांना पाठ आहे, आणि घरी ते असंच सांगतात: माई आली, माई रागावली, माई परत गेली. पाटी तिरकी धरून वरून पाणी सोडलं, पाणी उतारानं पळतं हे पोरांनी मान्य केलं. तिला तिच्यासारखं दुसरं होतं का, यावर एक जण म्हणाला, "कालवं." वारणा तर तिला हरिपुराला येऊन मिळतेच. मी फार ताणलं नाही.

वर्षाअखेरीला मी एकेकाला बोलावून पुन्हा चित्रं लावायला देते. एका वेळी एकच मूल, बाकीचे बाहेर, नाहीतर पहिल्यानं ठेवलं तिथेच सगळे ठेवतात. बारा चित्रं, त्यातली सहा त्यांनी कधीच न पाहिलेली: शेवाळ, पतंग, गांडूळ, पवनचक्की, बटाटा, मेणबत्ती. वहीत कार्ड कुठे ठेवलं ते मी एका रकान्यात लिहिते आणि कारण दुसऱ्या रकान्यात, त्याच्याच शब्दांत. माझ्या लेखी दुसरा रकाना महत्त्वाचा. पवनचक्की हिरव्यात गेली की कळतं, 'हलतं' अजून गेलेलं नाही. बटाटा पांढऱ्यात आणि कारण 'भाजी करत्यात' असेल तर ते पोर बटाट्याला कोंब आलेले बघायचं राहिलंय. एवढ्या नोंदी काढायला एका पोराला सात-आठ मिनिटं लागतात, एकोणीस पोरांना तीन दिवस. प्रशिक्षणात एकदा हे सांगितलं तर उत्तर आलं की नमुन्यात फक्त बरोबर-चूकची खूण करायची आहे. खूण मी करते. वहीही ठेवते.

ट्रॅक्टरवाला मार्चमध्ये आला. त्यानं शेवाळ हिरव्यात ठेवलं, पवनचक्की पांढऱ्यात, आणि मग मी मुद्दाम सरकवलेलं त्याचं जुनं चित्र हातात घेऊन परत तसाच उभा राहिला. बराच वेळ.

"पांढऱ्यात," तो म्हणाला.

"का रे? तेल पितो की."

"पितोय. पर त्याला बारकं हुईत न्हाय. झालं आसतं तर आप्पांनी दुसरा घ्यायला ब्यांकेत कशाला गेलं आसतं?"

मी वहीत दुसऱ्या रकान्यात हे जसंच्या तसं लिहून घेतलं. तो दारापर्यंत गेला, मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "आन्‌ बाई, ती नदी उंबऱ्यावरच ऱ्हाऊ द्या."